ब्रँड गाइडलाइन्स दिल्या, तरी लोगो दर वेळी वेगळाच का छापून येतो?

ही तक्रार लहान उद्योगांकडून वारंवार ऐकू येते. लोगो नवा करून घेतला, डिझायनरने चाळीस-पन्नास पानांची गाइडलाइन्सची पीडीएफ दिली, ती सर्व व्हेंडरना ई-मेलने पाठवली गेली. आणि काही महिन्यांनी पाहावे तर विक्रेत्याच्या दुकानावरच्या फ्लेक्समध्ये लोगो आडवा ताणलेला असतो, पाऊचवरचा केशरी रंग विटकरीकडे झुकलेला असतो आणि इन्स्टाग्रामच्या पोस्टमध्ये लोगोमागे पांढरा चौकोन दिसत असतो. मग तीच पीडीएफ जरा कडक शब्दांच्या ई-मेलसोबत पुन्हा पाठवली जाते आणि पुढच्या दिवाळीत तोच प्रकार पुन्हा घडतो.

व्हेंडर निष्काळजी आहे, हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा ठरतो. दस्तऐवज डिझायनरने डिझायनरसाठी लिहिलेला असतो, तर निर्णय घेणारा माणूस संध्याकाळी सात वाजता फ्लेक्सच्या मशीनपुढे बसलेला ऑपरेटर असतो. ब्रँडचे व्यक्तिमत्त्व किंवा स्वर याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कोणती फाइल उघडायची, ती या मापात कशी बसवायची, रंगाचे आकडे काय टाकायचे आणि शंका आली तर फोन कोणाला करायचा, एवढेच त्याचे प्रश्न असतात. या चार प्रश्नांची उत्तरे पहिल्या अर्ध्या मिनिटात सापडली नाहीत, तर तो स्वतःच्या संगणकावरची मागच्या वर्षीची फाइल उघडतो आणि काम संपवतो.

उलगडा करण्यासाठी एक उदाहरण कल्पू. सांगलीकडचा लोणची आणि मसाल्यांचा एक उद्योग आहे. कार्यालयात चार-पाच माणसे आहेत आणि त्यांपैकी एकच व्यक्ती ऑर्डरीही पाहते आणि समाजमाध्यमांवरच्या पोस्टही करते. बाहेरचे व्हेंडर चार प्रकारचे आहेत: फ्लेक्सवाला, सिलिंडरवरून पाऊच छापणारी ग्रॅव्ह्युअर कंपनी, बरण्यांची लेबले छापणारा ऑफसेट प्रेस आणि प्रदर्शनाचे स्टॉल उभारणारा. लोगो म्हणजे गोलाकार कोपऱ्यांची केशरी पट्टी आणि तीवर पांढऱ्या देवनागरी अक्षरांतले नाव. पट्टीची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ५ : २.

आधी चुकलेली कामे गोळा करा

दस्तऐवजाला हात लावण्यापूर्वी गेल्या वर्षभरातली चुकलेली कामे एकत्र करावीत. बोर्डांचे फोटो, पाऊच, लेबले, पोस्टचे स्क्रीनशॉट असे सगळे टेबलावर मांडून प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहावा: ही चूक नेमक्या कोणत्या क्षणी झाली? ‘रंग चुकला’ हे उत्तर पुरेसे नाही. फाइलमध्येच चुकीचा रंग होता, फाइल बरोबर असून मशीनवर रंग बदलला, की ऑपरेटरने फोटोवरून अंदाजाने रंग उचलला, हे शोधावे लागते. त्यासाठी व्हेंडरकडे प्रत्यक्ष जाऊन, त्याने ते काम करताना उघडलेली फाइल पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. फोनवर विचारले तर ‘तुम्ही पाठवलेलीच फाइल वापरली’ असे उत्तर मिळते. आणि ते अनेकदा खरेही असते, फक्त ती फाइल दोन वर्षांपूर्वी पाठवलेली असते.

अशी मांडणी केली की बहुतेक चुका तीन ठिकाणी गोळा होतात. एक तर योग्य फाइल व्हेंडरच्या हातात नव्हती. किंवा समोर आलेल्या परिस्थितीबद्दल दस्तऐवजात काहीच लिहिलेले नव्हते. किंवा नियम लिहिलेला होता, पण त्या मशीनवर किंवा त्या मालावर तो पाळणेच शक्य नव्हते. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि ‘लोगोत बदल करू नये’ हे वाक्य आणखी ठळक अक्षरांत छापल्याने यांतले काहीच सुटत नाही.

फाइल: नियमापेक्षा तीच आधी पोहोचली पाहिजे

पांढऱ्या चौकोनाचे कारण शोधले तर ते जवळजवळ नेहमी व्हॉट्सॲपमध्ये सापडते. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल फोटो म्हणून पाठवली, की व्हॉट्सॲप तिचे जेपीईजीमध्ये रूपांतर करते, पारदर्शकता नाहीशी होते, गोलाकार कोपऱ्यांमागे पांढरा किंवा काळा रंग भरला जातो आणि आकारही लहान होतो. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते. पन्नास पानांच्या पीडीएफमध्ये ही एक ओळ सहसा नसते, कारण डिझायनर फाइली व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. लहान उद्योगाचे निम्मे काम मात्र व्हॉट्सॲपवरच चालते, त्यामुळे ही ओळ पहिल्या पानावर हवी.

दुसरे असे की फाइलींची मांडणी फाइलच्या प्रकारानुसार न करता कामानुसार करावी. ‘व्हेक्टर’, ‘रास्टर’, ‘सीएमवायके’ अशी नावे असलेले फोल्डर ज्याला ते शब्द आधीच कळतात त्यालाच उपयोगी पडतात. आपल्या उदाहरणातल्या उद्योगासाठी मांडणी अशी करता येईल:

```
01_FLEX_BOARD/
02_POUCH_LABEL/
03_WHATSAPP_INSTA/
04_EK_RANG/
```

प्रत्येक फोल्डरमध्ये त्या कामाला लागणारी एक किंवा दोनच फाइली ठेवाव्यात. लोगोच्या सतरा आवृत्त्या दिल्या की निवडीचा निर्णय पुन्हा व्हेंडरवर येऊन पडतो. चौथ्या फोल्डरातला एकरंगी लोगो अनेक गाइडलाइन्समध्ये शेवटच्या पानांत दडलेला असतो, पण चलन, रबरी शिक्का, पुठ्ठ्याची खोकी, टी-शर्टवरचे भरतकाम या सगळ्यांना तोच लागतो. तो दिलेला नसेल तर व्हेंडर रंगीत लोगो करड्या छटांत बदलून वापरतो, आणि खोक्यावर केशरी पट्टीच्या जागी मळकट करडा ठोकळा उमटतो.

फ्लेक्सच्या फोल्डरबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. आपल्याकडचे बहुसंख्य फ्लेक्सवाले कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर काम करतात आणि अनेकांकडे त्याची जुनी आवृत्ती असते. नव्या आवृत्तीत जतन केलेली सीडीआर फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. अशा वेळी ऑपरेटर काय करतो? फेसबुक पानावरचा लोगो उतरवून घेतो आणि त्यावरून रेखाटतो. म्हणून सीडीआर फाइल जतन करतानाच व्हेंडरकडची आवृत्ती निवडावी, सोबत पीडीएफ द्यावी आणि दोन्हींत सर्व अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट नसतानाही तशीच राहणाऱ्या आकृत्यांमध्ये, बदललेली असावीत. कोरलड्रॉमध्ये त्यासाठी Ctrl+Q, इलस्ट्रेटरमध्ये Ctrl+Shift+O. कोणाकडे कोणती आवृत्ती आहे हे एकदा विचारून व्हेंडरच्या नावापुढे लिहून ठेवले, की पुढे विचारावे लागत नाही.

लोगोभोवतीच्या मोकळ्या जागेचा नियमही असाच फाइलमध्येच घालता येतो. ‘लोगोभोवती पुरेशी मोकळी जागा ठेवावी’ हे वाक्य कोणी पाळत नाही, कारण पुरेशी म्हणजे किती ते कोणालाच ठाऊक नसते. ‘पट्टीच्या उंचीच्या एक चतुर्थांश जागा चारही बाजूंना कोरी ठेवावी’ हे त्याहून बरे. सर्वांत बरे हे की तेवढ्या मापाची, रंग आणि रेषा नसलेली अदृश्य चौकट लोगोसोबत ग्रुप करूनच फाइल द्यावी. ऑपरेटर शेजारच्या मजकुराला त्या ग्रुपच्या कडेशी जुळवतो आणि जागा आपोआप सुटते. ज्याला ग्रुप सोडायचाच आहे तो सोडेलच, पण घाईत काम करणाऱ्याच्या हातून नियम न वाचताही पाळला जातो.

देवनागरी मजकूर: जिथे कर्व्हचा उपाय संपतो

लोगो कर्व्हमध्ये देता येतो, पण बोर्डावर विक्रेत्याचे नाव आणि पत्ता दर वेळी बदलतो. तो मजकूर फ्लेक्सवाला टाइप करतो आणि खरी गडबड तिथे होते. त्याच्याकडे बऱ्याचदा युनिकोड, म्हणजे सर्वत्र एकसारखी चालणारी अक्षरपद्धत, रूढ होण्यापूर्वीचे फॉन्ट असतात, ज्यांत मराठी अक्षरांच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या असतात. व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर युनिकोडमध्ये असल्यामुळे तो त्या फॉन्टमध्ये चिकटवला की चौकोन किंवा भलतीच चिन्हे दिसतात, आणि मग ऑपरेटर सगळे नव्याने टाइप करतो. शुद्धलेखनाच्या बहुतेक चुका या पुन्हा टाइप करण्यातच शिरतात. याउलट युनिकोड फॉन्ट जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वापरला तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसतात. इनडिझाइनमध्येही परिच्छेदासाठी Adobe World-Ready Paragraph Composer निवडलेला नसेल तर हेच होते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे फॉन्ट फोल्डरमध्येच देणे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत उपलब्ध असल्यामुळे ते व्हेंडरला देण्यात अडचण नाही. डिझायनरने विकत घेतलेला फॉन्ट मात्र असा वाटता येतोच असे नाही. त्याचा परवाना ठरावीक संगणकांपुरता असू शकतो. गाइडलाइन्समध्ये एखादा महागडा फॉन्ट सक्तीचा केलेला असतो आणि फ्लेक्सवाल्याने तो विकत घ्यावा अशी अपेक्षा असते. ती कधीच पूर्ण होत नाही. दुसरा मार्ग म्हणजे विक्रेत्याच्या नावाची पट्टी कार्यालयानेच तयार करून कर्व्हमध्ये पाठवणे. महिन्याला पाच-दहा बोर्ड होत असतील तर मी दुसराच मार्ग सुचवीन, कारण नाव तपासण्याची जबाबदारी तशीही कार्यालयाचीच असते.

कर्व्हमध्ये बदलण्यापूर्वी त्या संगणकावर देवनागरी नीट उमटते आहे का, हे पाहण्यासाठी एक चाचणी-ओळ दस्तऐवजात द्यावी: ‘श्री विठ्ठल, वाऱ्यावर, आर्द्र, लक्ष्मी, किती, पुष्कळ’. या ओळीत पहिली वेलांटी, रफार, ‘वाऱ्या’तला अर्धा र, ‘विठ्ठल’मधला ठ्ठ आणि ‘क्ष्म’ हे सगळे येते. ती बरोबर दिसली तर एरवीचा मजकूरही सहसा बिघडत नाही.

याच ठिकाणी गाइडलाइन्सची आणखी एक उणीव उघडी पडते. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानांच्या नामफलकावर मराठी नाव देवनागरीत असणे सक्तीचे आहे, आणि त्यातली मराठी अक्षरे इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. अनेक दस्तऐवजांत मात्र इंग्रजी नाव मोठे आणि देवनागरी त्याखाली लहान, अशी एकच मांडणी दिलेली असते. विक्रेता फ्लेक्सवाल्याला सांगतो, ‘मराठी मोठं कर, नाहीतर मला नोटीस येईल’, आणि फ्लेक्सवाला स्वतःच्या मनाने अक्षरे वाढवतो. इथे दोष त्या दोघांचाही नाही. जी मांडणी दुकानावर लावताच येत नाही, ती दस्तऐवजात असूच नये.

ताणलेला लोगो: मापाचा प्रश्न

फ्लेक्सवर लोगो ताणला जातो, कारण विक्रेत्याच्या दुकानावरची लोखंडी फ्रेम आधीपासून असते आणि तिचे माप आपल्या मांडणीशी जुळत नाही. समजा आपण आठ बाय तीन फुटांची एकच मांडणी दिली आहे आणि तीत लोगो ४५ इंच रुंद व १८ इंच उंच आहे. दुकानाची फ्रेम दहा बाय तीनची निघाली. ऑपरेटर सगळी मांडणी निवडतो आणि रुंदी दहा फूट करतो. लोगो आता ५६ इंच रुंद झाला, पण उंची १८ इंचच राहिली. ५ : २ हे अडीचपट प्रमाण तीनपटीच्या पुढे गेले. डोळ्याला काहीतरी खटकते, पण नेमके काय ते सांगता येत नाही.

‘लोगो ताणू नये’ असे लिहून, ताणलेल्या लोगोवर लाल फुली मारलेले चित्र जवळजवळ प्रत्येक गाइडलाइन्समध्ये असते. ऑपरेटरला ते ठाऊकही असते. त्याला ठाऊक नसते ते हे की उरलेल्या दोन फुटांचे करायचे काय. म्हणून नियम असा लिहावा: ‘फ्रेम रुंद असेल तर लोगो आणि विक्रेत्याचे नाव यांचा आकार तसाच ठेवून उजवीकडची केशरी पार्श्वभूमी वाढवावी. फ्रेम अरुंद असेल तर लोगो आणि नाव दोन्ही एकत्र, एकाच प्रमाणात लहान करावे. रुंदी उंचीच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर लोगो वर आणि नाव खाली, ही दुसरी मांडणी वापरावी.’ पार्श्वभूमी आणि लोगो दोन्ही केशरी असतील तर लोगोची पट्टी दिसणार नाही, हे लक्षात घेऊन या मांडणीत पार्श्वभूमीवर पांढऱ्या चौकटीत लोगो बसवलेला हवा, आणि ती चौकट फाइलमध्येच असावी.

तपासण्याची रीतही तितकीच सोपी ठेवावी. नमुन्यातल्या लोगोची रुंदी मोजून उंचीने भागायची. उत्तर अडीच आले पाहिजे. ज्या व्यक्तीला डिझाइनची नजर नाही तिलाही हे फोनच्या स्क्रीनवर मोजपट्टी धरून करता येते. मंजुरी देणारी व्यक्ती लहान संघात बहुधा डिझायनर नसते, म्हणून ‘लोगो सुसंगत दिसतो का ते पाहावे’ यापेक्षा असा भागाकार उपयोगाचा.

फ्रेमबद्दल आणखी एक गोष्ट. फ्लेक्स फ्रेमवर ओढून बसवताना कडेचा दोन-तीन इंचांचा भाग मागे दुमडला जातो. दृश्य भागाबाहेर चारही बाजूंना तीन इंच पार्श्वभूमी जास्तीची ठेवण्याची सूचना आणि तेवढी वाढ धरलेली फाइल, दोन्ही द्यावी. नाहीतर पत्त्याची शेवटची ओळ किंवा वरच्या ओळीतले रफार आणि मात्रा फ्रेमच्या मागे जातात.

रंग: एकच आकडा सर्वांना देऊन भागत नाही

केशरीचा त्रास सर्वाधिक का होतो, हे समजून घेतले तर नियम कसा लिहायचा तेही कळते. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी चार शाईंच्या छपाईत पूर्णपणे येतच नाही. मॅजेंटा आणि पिवळ्याच्या मिश्रणाला जितकी चमक आणता येते त्याच्या पलीकडे तो असतो. त्यामुळे डिझायनरने स्क्रीनवर दाखवलेला रंग हाच आदर्श मानला, तर प्रत्येक छापील काम नापास ठरते. आदर्श म्हणून छापलेला नमुनाच धरावा आणि स्क्रीनसाठी त्याला जवळचा आकडा वेगळा द्यावा, उदाहरणार्थ `#F47B20`.

पुढची अडचण अशी की एकच सीएमवायके आकडा, म्हणजे चार शाईंचे तेच प्रमाण, दोन फ्लेक्स मशीनवर दोन वेगळे रंग देतो. शाई वेगळी, प्रोफाइल वेगळे, फ्लेक्सचा पांढरेपणा वेगळा. यावर उपाय म्हणून प्रत्येक फ्लेक्सवाल्याकडून एक चाचणी-पट्टी छापून घ्यावी. तीत सायन ० आणि काळा ०, पिवळा १०० ठेवून मॅजेंटाचे पाच चौकोन असावेत: ५५, ६०, ६५, ७०, ७५. प्रत्येक चौकोन निदान चार इंचांचा असावा आणि त्याच्या खाली त्याचा आकडा छापलेला असावा. पट्टी दुसऱ्या दिवशी, बाहेर सावलीत, दिवसाच्या उजेडात आदर्श नमुन्याशेजारी धरून पाहावी. ट्यूबलाइटखाली पाहून निर्णय घेऊ नये. समजा पहिल्या फ्लेक्सवाल्याकडचा ६० चा चौकोन जुळला आणि दुसऱ्याकडचा ७० चा. मग दस्तऐवजात रंगाच्या पानावर एकच आकडा लिहिण्याऐवजी दोघांची नावे आणि त्यांचे आकडे लिहावेत. डिझायनरला हे विचित्र वाटेल, कारण कागदोपत्री ब्रँडचा रंग दोन झाला. भिंतीवर मात्र तो एकच दिसतो. फ्लेक्सवाल्याने शाई किंवा मशीन बदलले की चाचणी पुन्हा करावी लागते, ही या रीतीची मर्यादा आहे. मागून दिवे लावलेल्या बोर्डालाही तीच पट्टी चालत नाही, कारण प्रकाश आरपार आल्यावर रंग फिका पडतो. त्यासाठी बॅकलिट मालावर वेगळी पट्टी छापून, दिवा लावूनच पाहावी.

जुळलेल्या पट्टीतला तो चौकोन कापून, मागे तारीख आणि सही करून त्याचा एक तुकडा व्हेंडरकडे आणि एक कार्यालयात ठेवावा. तो उन्हात राहू देऊ नये. फोनवर ‘थोडा लालसर झालाय’ आणि ‘नाही, बरोबर आहे’ असा वाद चालतो तेव्हा हा तुकडा वाद मिटवतो.

पाऊचच्या छपाईचे गणित निराळे आहे. ग्रॅव्ह्युअरमध्ये केशरीसाठी स्वतंत्र सिलिंडर घेऊन तयार मिसळलेली शाई वापरता येते, त्यामुळे तिथे पँटोन क्रमांक, म्हणजे तयार शाईच्या छटेचा ठरलेला क्रमांक, उपयोगी पडतो. हाच क्रमांक फ्लेक्सवाल्याला देऊन मात्र फारसे हाती लागत नाही, कारण तो शेवटी चार शाईंतच छापतो. पाऊचवाल्याकडून फिका, प्रमाण आणि गडद अशा तीन छटांचे शेडकार्ड मागवून त्यावर सही करावी. पूर्ण लांबीच्या छपाईत रंग थोडा इकडेतिकडे होणारच, आणि तो किती चालेल हे या तीन छटांनी ठरते. शिवाय पारदर्शक किंवा चंदेरी फिल्मवर लोगोमागे पांढऱ्या शाईचा थर हवा, ही ओळ दस्तऐवजात नसेल तर केशरी निस्तेज किंवा धातूसारखा चमकणारा येतो. स्टॉलवाल्याचा प्रश्न आणखी वेगळा: तो व्हिनाइलची रंगीत फिल्म कापून चिकटवतो. त्याच्याकडे शाईच नसल्यामुळे सीएमवायके आकडा त्याला निरर्थक आहे. त्याला फिल्म कंपनीच्या शेडकार्डावरचा क्रमांक द्यावा लागतो.

जाता जाता एक इशारा. शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि एफएसएसएआयचा लोगो ही आपल्या ब्रँडची मालमत्ता नाही. ‘लेबलवर सर्व काही केशरी आणि पांढऱ्यातच असावे’ असा नियम लिहिला की एखादा आज्ञाधारक प्रेसवाला हिरवा ठिपकाही केशरी करून ठेवतो. त्या चिन्हांना ब्रँडचे रंगनियम लागू नाहीत, असे स्पष्ट लिहावे.

मंजुरी: कोण, किती वेळात

दस्तऐवज कितीही नीट असला तरी नमुना पाहिल्याशिवाय छपाई झाली तर त्याचा उपयोग नाही, आणि नमुना पाठवूनही उत्तर दोन दिवस आले नाही तर व्हेंडर वाट पाहत नाही. गणपती-दिवाळीच्या हंगामात तर नाहीच नाही. म्हणून मंजुरीचा नियम दोन्ही बाजूंना बांधणारा असावा. वर्क ऑर्डरवर अशी ओळ छापावी: ‘मंजूर नमुन्याशिवाय छापलेले काम स्वीकारले जाणार नाही. नमुना सकाळी मिळाल्यास त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर दिले जाईल. उत्तर न मिळाल्यास पुढील क्रमांकावर फोन करावा.’ क्रमांक एकच असावा आणि ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हा कोण, हेही ठरलेले असावे. ही ओळ गाइडलाइन्समध्ये असण्यापेक्षा वर्क ऑर्डरवर असणे महत्त्वाचे, कारण व्हेंडरचे बिल त्या कागदावर अवलंबून असते.

नमुना तपासताना तीनच गोष्टी पाहाव्यात: विक्रेत्याचे नाव आणि पत्ता अक्षर न् अक्षर, लोगोचा भागाकार, आणि फाइलमध्ये त्या व्हेंडरसाठी ठरलेला मॅजेंटाचा आकडा. रंग फोनवर पाहून मंजूर करू नये; आकडा विचारावा. तपासणीची यादी वीस मुद्द्यांची केली की दुसऱ्या आठवड्यापासून कोणी ती वापरत नाही.

जुन्या फाइलींचा बंदोबस्त हा मंजुरीचाच भाग आहे. व्हेंडरच्या संगणकावर आपल्या नावाचा एक फोल्डर असतो आणि त्यात मागची सगळी कामे असतात. नवे काम तो त्यांपैकीच एखाद्यावर करतो. ते थांबवता येत नाही, पण ओळखता येते. प्रत्येक मांडणीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक संकेत छापावा, जसे ‘फ-२५-२’, म्हणजे फ्लेक्सची २०२५ मधली दुसरी मांडणी. चुकीचा बोर्ड दिसला की फोटो मोठा करून संकेत वाचायचा. जुना संकेत असेल तर फाइलचा प्रश्न, नवा असेल तर नियमाचा किंवा मशीनचा. लोगो बदलला असेल तर त्या आठवड्यात व्हेंडरकडे स्वतः जाऊन जुना फोल्डर वेगळ्या नावाने बाजूला करून घेणे हे दहा ई-मेलपेक्षा उपयोगी पडते.

मग त्या पन्नास पानांचे काय करायचे?

ती फेकून देण्याची गरज नाही. नवा डिझायनर किंवा जाहिरात संस्था येईल तेव्हा त्यांना ती लागतील. व्हेंडरला मात्र त्याच्या कामापुरते एकच पान द्यावे, मराठीत, त्याच्या बोलण्यातल्या शब्दांत: फाइल कुठे आहे, माप कसे बसवायचे, रंगाचा आकडा कोणता, फोन कोणाला. फ्लेक्सवाल्याच्या पानावर पाऊचचे काही नको आणि पाऊचवाल्याच्या पानावर इन्स्टाग्रामचे काही नको. पान ए-फोर कागदावर लॅमिनेट करून मशीनजवळ लावता आले तर उत्तम.

पान पाठवण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. ज्याने हे काम कधी पाहिलेले नाही अशा फ्लेक्सवाल्याला फक्त ते पान आणि फोल्डर देऊन दहा बाय तीनचा बोर्ड करायला सांगावे आणि शेजारी गप्प बसावे. तो जिथे अडेल किंवा प्रश्न विचारेल तिथे पान अपुरे आहे. पुढेही हाच निकष ठेवावा: एकच प्रश्न दोन वेगवेगळ्या व्हेंडरनी विचारला तर त्याचे उत्तर पानावर चढवायचे आणि कमी महत्त्वाची एक ओळ काढायची. पान एकाचे दोन होऊ द्यायचे नाही.

गावाकडच्या भिंती रंगवणाऱ्या पेंटरला हे पान पुरत नाही, कारण त्याच्याकडे ना फाइल असते ना आकडा. त्याला चौकोनी जाळीच्या कागदावर काढलेला लोगो द्यावा, रुंदीत वीस घरे आणि उंचीत आठ. तो भिंतीवर दोरीने तितकीच घरे आखतो आणि अक्षरे घराघराने उतरवतो. रंगासाठी ऑइल पेंटच्या डब्यावरचा शेडचा क्रमांक लिहावा आणि त्या शेडचा रंगवलेला पत्र्याचा लहान तुकडा सोबत द्यावा. जाळीच्या कागदावर पांढऱ्या अक्षरांची जाडी किती घरांची आहे तेही दाखवावे, कारण ब्रशने केशरी भरताना पांढरी अक्षरे बारीक होत जातात.